हप्ता कोणाच्या पगारावर

कराड
रविवार, रात्री

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले. तू वहीच्या पानांचे फोटो पाठवून "अण्णा, हिशेब तपासून द्या" एवढेच म्हटले होतेस आणि मी हिशेबाला हात लावण्याआधीच तो एक प्रश्न विचारून मोकळा झालो. "तुम्हाला आमचे चांगले दिसतच नाही," असे म्हणून तू फोन ठेवलास. आई दिवसभर माझ्याशी मोजकेच बोलली. तो प्रश्न या पत्रात पुन्हा काढणार नाही, असे मी तिला कबूल केले आहे, तेव्हा आता फक्त आकड्यांचे बोलतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की वही पाहून मला फार समाधान वाटले. जमेची बाजू डावीकडे, खर्चाची उजवीकडे, प्रत्येक ठेवीची मुदत संपण्याची तारीख, आणि निरंजनरावांनी हिरव्या शाईने केलेल्या दुरुस्त्या. लग्नाला चार वर्षे होत नाहीत तोच तुम्ही दोघांनी पंचवीस लाख सत्तर हजार रुपये उभे केलेत. त्यांतले तीन लाख नांदेडच्या दादासाहेबांनी देऊ केलेले आहेत हे खरे, पण बाकीचे तुमचेच आहेत. नांदेडला दरमहा आठ हजार पाठवून, वाकडचे एकवीस हजार भाडे भरून हे साधले आहे. मी ही पाने शेजारच्या कुलकर्णी मास्तरांना दाखवली. तू रागावशील, पण दाखवली.

आता रावेतचा फ्लॅट. तुमच्या वहीत किंमत 62 लाख आहे. बांधकाम चालू असलेल्या आणि पूर्णत्वाचा दाखला न मिळालेल्या घरावर जीएसटी लागतो. किंमत 45 लाखांच्या वर असल्यामुळे तो 5 टक्क्यांनी, म्हणजे 3 लाख 10 हजार. पिंपरी-चिंचवड हद्दीत मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून 7 टक्के पडते, ते 4 लाख 34 हजार, आणि नोंदणी फी 30 हजार. एकूण 69 लाख 74 हजार. इथपर्यंत तुमची बेरीज अचूक आहे. बँक किमतीच्या 80 टक्के, म्हणजे 49 लाख 60 हजार कर्ज देणार. मुद्रांक आणि नोंदणी यांसाठी बँक कर्ज धरत नाही, हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. पुष्कळ जण तिथेच पहिल्यांदा अडतात. तेव्हा तुम्ही स्वतःचे 20 लाख 14 हजार घालायचे आणि 5 लाख 56 हजार हातात उरायचे. त्या आकड्याभोवती तू चौकट काढून "अडीअडचणीसाठी" असे लिहिले आहेस.

ती चौकट पाहून मला थोडा वेळ पुढे वाचवेना. कारण उजव्या बाजूला तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या आहेत. वकिलाची फी, मालकी हक्काचा शोध अहवाल, बँकेचे प्रक्रिया शुल्क आणि गहाणाच्या नोंदणीचा खर्च मिळून पन्नास हजार तरी धरावेत. ताब्याच्या वेळी बिल्डर दोन वर्षांचा देखभाल खर्च आगाऊ आणि सोसायटीची अनामत मागतो. तुम्हाला दिलेल्या कागदावर तळाशी बारीक अक्षरांत दीड लाख असे छापलेले मला फोटोत दिसले. आणि घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. ओट्याखालचे कप्पे, दोन कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या, पंखे, गीझर, पडदे हे सर्व अगदी साधे घेतले तरी चार लाखांच्या आत बसत नाही. हे सहा लाख मिळवले की एकूण 75 लाख 74 हजार होतात, तुमचा वाटा 26 लाख 14 हजारांवर जातो आणि चौकटीतली शिल्लक संपून वर 44 हजार कमी पडतात.

तू लगेच म्हणशील की अण्णा, हे सगळे पैसे एकाच दिवशी द्यायचे नाहीत, स्लॅबप्रमाणे द्यायचे आहेत, ताबा दोन वर्षांनी आहे आणि तोवर आम्ही महिन्याला 58 हजार बाजूला टाकतोच. हे म्हणणे खरे आहे आणि मी ते टाळून पुढे जाणार नाही. पण दोन गोष्टी त्यात मिळवून पाहा. बँक आधी तुमचा वाटा भरून घेते आणि मग आपले पैसे सोडायला लागते. म्हणजे पहिल्या काही महिन्यांतच वीस लाखांहून जास्त रक्कम तुमच्याकडून गेलेली असेल. जमेच्या बाजूत दोघांच्या भविष्य निर्वाह निधीचे 5 लाख 20 हजार धरलेले आहेत. ते वजा केले तर त्या दिवशी बँकेत हाताशी म्हणावे असे काहीच उरत नाही. दुसरी गोष्ट भाड्याची. बँकेने जेवढे कर्ज बिल्डरला दिले तेवढ्यावर व्याज सुरू होते आणि वाकडचे भाडेही थांबत नाही. निम्मे कर्ज सुटले की 8 टक्क्यांनी महिना साडेसोळा हजार व्याज आणि एकवीस हजार भाडे. नव्वद टक्के सुटले की व्याजच तीस हजारांच्या घरात जाते आणि भाड्यासह पन्नास हजारांवर पोचते. पूर्ण हप्ता 41 हजार 487 रुपये आहे. म्हणजे घरात राहायला जाण्याआधीचे शेवटचे महिने नंतरच्या महिन्यांपेक्षा जड असतात. ताबा सहा महिने लांबला, तर हेच पन्नास हजार आणखी सहा वेळा.

म्हणून विक्री कार्यालयातील मुलाने तोंडी सांगितलेला महिना धरू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक घालून तिथे बिल्डरने प्रकल्प पूर्ण होण्याची कोणती तारीख दिली आहे आणि ती किती वेळा वाढवून घेतली आहे ते पाहा. त्याने सांगितलेला महिना आणि ही तारीख यांत वर्षभराचे अंतर आढळले, तर त्याचा महिना विसरा. कायद्याच्या दृष्टीने नोंदवलेल्या करारनाम्यात लिहिलेली ताब्याची तारीख खरी. त्यापुढे उशीर झाला तर व्याज मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण आदेश मिळणे वेगळे आणि पैसे हातात पडणे वेगळे.

शिवाय ही सगळी मांडणी दोन पगार अखंड चालू राहतील या गृहीतकावर आहे, आणि म्हणूनच मी सकाळी विचारले होते की दोघांपैकी एकाचा पगार… असो. आईला शब्द दिला आहे.

व्याजदराचे मात्र बोलले पाहिजे, कारण तुमच्या वहीत 8 टक्के हा आकडा वीस वर्षांसाठी कोरून ठेवल्यासारखा लिहिला आहे. तो तसा राहत नसतो. बँकांची गृहकर्जे आता बहुतेक रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी बांधलेली आहेत. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो दर 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहावर पोचला. वर्ष पुरे व्हायच्या आत अडीच टक्के. तेव्हा पुष्कळ बँकांनी हप्ता तोच ठेवला आणि मुदत वाढवत नेली. लोकांना पत्रे आली, ती कोणी नीट वाचली नाहीत, आणि वीस वर्षांचे कर्ज तीस वर्षांच्या पुढे गेल्याचे त्यांना फार उशिरा कळले. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारले पाहिजे असा दंडक घातला, तो यामुळेच.

तुमच्या कर्जावर हे करून पाहा. 49 लाख 60 हजारांवर 8 टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज साधारण 33 हजार होते. 41 हजारांच्या हप्त्यातले जेमतेम साडेआठ हजार मुद्दलात जातात. आता समजा, पहिल्याच वर्षी दर साडेदहा झाला. महिन्याचे व्याज 43 हजार 400, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. तोच हप्ता चालू ठेवला तर दर महिन्याला हप्ता भरूनही कर्ज दोन हजारांनी वाढेल. वीस वर्षांतच फेडायचे असेल तर हप्ता साडेएकोणपन्नास हजार करावा लागेल. असे होईलच असे मी म्हणत नाही, आणि दर वर गेले तसे नंतर खालीही आले. पण झाले तर तुमच्या महिन्यातले आठ हजार कुठून निघतील, ते वहीत आजच लिहून ठेवा.

बँकेने "याहून मोठे कर्जही बसते" असे सांगितल्याचे तू आनंदाने कळवलेस. बसेलच. एकत्र पगार सव्वा लाख, आणि साधारण निम्म्यापर्यंत हप्ता गेला तरी बँकेला चालतो. बँक तुमचा हप्ता वेळेवर येईल का, एवढेच पाहते. तो हप्ता गेल्यावर तुम्ही काय खाल हे पाहणे तिचे काम नव्हे. मी सतरा वर्षे त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो, आणि नंतर वसुलीला गेलो, म्हणून हे इतक्या उघडपणे लिहितो.

वसुलीचे तुला मी कधी सांगितले नाही. घरी आलो की तू पाढे म्हणून दाखवायचीस, आणि तो विषय तिथेच संपायचा. हप्ते थकून 90 दिवस झाले की खाते अनुत्पादक होते. मग 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस. तीही गेली की ताब्याची नोटीस, दारावर आणि वर्तमानपत्रांत. ती दारावर चिकटवायला मी जात असे. एका घरी गेलो तेव्हा बाईंनी आधी आम्हाला पाणी विचारले, पंचांना बसायला खुर्च्या दिल्या, आणि मग नोटिशीचा कागद दाराच्या चौकटीवरच्या तोरणाला लागू नये, थोडा खाली लावा, असे सांगितले. त्यांच्या यजमानांचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. ज्यांच्या दारात गेलो त्यांत उधळे, जुगारी, बुडवे असे मला फार थोडे भेटले. बहुतेकांचा गुन्हा एवढाच की हप्ता दोन पगारांच्या आधारावर घेतला आणि एक थांबला. बापूकाकांच्या घराचे काय झाले ते तर तू स्वतः पाहिले आहेस, तेव्हा त्याबद्दल लिहीत नाही.

शेवटी तो प्रश्न आलाच. आईला हे पान दाखवणार नाही.

आले आहे तर पूर्णच लिहितो. तुझा पगार अठ्ठावन्न हजार, निरंजनरावांचा सदुसष्ट. तुझ्या कंपनीतून गेल्या वर्षी किती जणांना घरी पाठवले ते तूच आईला सांगितले होतेस. नोकरी सुटण्याचेच कशाला, माणसाला कधी आपणहून थांबावेसे वाटते, कधी घरातल्या एखाद्या कारणासाठी थांबावे लागते. ते कारण मी लिहीत नाही. ते तुमचे तुम्ही ठरवायचे आहे, आणि आईने दिवाळीत जे बोलायला नको होते ते बोलली, त्याबद्दल तिलाही मागाहून वाईट वाटले. माझे म्हणणे इतकेच आहे की घराचा हप्ता असा असू नये की त्याच्यामुळे तुला थांबायचे असूनही थांबता येणार नाही.

आपले घर बांधले तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. स्लॅबच्या दिवशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांवर झोपलीस आणि कामगारांच्या बायकांनी तुला उचलून सावलीत नेले. आई तेव्हा शाळेत कायम झाली होती, आणि माझ्याच बँकेतले सहकारी म्हणत होते की वहिनींचा पगार दाखव, वरचा मजलाही होऊन जाईल. मी हप्ता माझ्या एकट्याच्या पगारावर बसवला. पैसे संपले तिथे काम थांबवले. बाहेरून गिलावा नाही, मागच्या खिडकीला तावदाने नाहीत, पावसाळ्यात तिथे गोणपाट. चिपळूणच्या आत्या आल्या की म्हणत, "एवढा बँकेतला माणूस आणि घराला कपडे नाहीत." मग सौरभच्या वेळी आईला ते सगळे दुखणे निघाले आणि कितीतरी महिने बिनपगारी रजा घ्यावी लागली. त्या काळात घरात पुष्कळ गोष्टींची ओढाताण झाली, पण हप्त्याची तारीख आली म्हणून तिच्या उशाशी बसून मला कधी आकडेमोड करावी लागली नाही. गिलावा पुढे तू पाचवीत असताना झाला. मला कर्मचारी म्हणून सवलतीचा दर होता आणि जमिनीच्या किमती आजच्यासारख्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आजच्या पुण्यात एकाच्या पगारावर सारे बसवा, असे म्हणणे म्हणजे घर घेऊच नका, असे म्हणणे होईल.

पुन्हा व्याख्यान झाले. क्षमा कर. तुझ्या वयाची माणसे कार्यालयात माझ्यासमोर बसत तेव्हा मी दहा मिनिटांत विषय संपवत असे. स्वतःच्या मुलीसमोर ते जमत नाही.

म्हणून एक मधला हिशेब केला आहे. निरंजनरावांनी वहीच्या शेवटच्या पानावर आकुर्डीचा तो बारा वर्षांचा जुना फ्लॅट लिहून त्यावर काट मारली आहे. किंमत 54 लाख. जुन्या घराला जीएसटी नाही. मुद्रांक 3 लाख 78 हजार, नोंदणी 30 हजार, दलालाचे 1 टक्क्याने 54 हजार, वकील आणि बँक मिळून तेच पन्नास हजार. सोसायटी हस्तांतरणाचे अधिमूल्य 25 हजारांपेक्षा जास्त मागू शकत नाही, ते तेवढे धरले. रंग आणि नळांची दुरुस्ती यांना दोन लाख. सगळे मिळून 61 लाख 37 हजार. कर्ज 43 लाख 20 हजार, तुमचा वाटा 18 लाख 17 हजार. हातात 7 लाख 53 हजार राहतात, आणि निर्वाह निधीला हात लावायचा नाही असे ठरवले तरी 2 लाख 33 हजार राहतात. हप्ता 36 हजार 134, आणि ताबा घेतल्या महिन्यापासून वाकडचे भाडे बंद.

आता माझा प्रश्न या दोन्ही घरांना विचारून पाहू. समज, वर्षभर तुझा पगार नाही. तुमचा घरखर्च, नांदेडचे धरून, वहीप्रमाणे 46 हजार आहे. त्यात आकुर्डीला सोसायटीचे तीन हजार आणि रावेतला साडेचार हजार मिळव. आकुर्डीत महिन्याला 18 हजार कमी पडतील आणि हातातले 2 लाख 33 हजार वर्षभर पुरतील. रावेतला महिन्याला 25 हजार, वर्षाला तीन लाख कमी पडतील, आणि ते तीन लाख तुमच्या हिशेबात कुठेही नाहीत. रावेतला ताबा मिळण्यापूर्वीच पगार थांबला तर भाड्याचा बोजा आणखी वेगळा. मला जे सकाळी सांगायचे होते आणि सांगता आले नाही, ते एवढेच होते.

आकुर्डीचे घर रावेतपेक्षा लहान आहे, लिफ्ट जुनी आहे, आणि पोहण्याचा तलाव नाही, हे मला माहीत आहे. जुन्या घराच्या आपल्या अडचणी असतात. भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, विक्रेत्याचे स्वतःचे कर्ज फिटून मूळ कागद बँकेतून सुटले आहेत का, हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सोसायटीच्या मागच्या दोन वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचायला मागा. लिफ्ट बदलणे किंवा गळतीची मोठी दुरुस्ती ठरलेली असेल तर ते तिथे कळते, आणि तो लाख-दीड लाखांचा वाटा घर घेतल्यानंतर पहिल्याच वर्षी तुमच्या नावाने येतो. आणि रावेतच हवे असेल, तर तेही मी वाईट म्हणत नाही. एक वर्ष थांबा. वर्षात तुमच्या सवयीने सात लाख जमतील, आणि मग तीच चौकट वहीत पुन्हा काढता येईल. किमती तोवर वाढतील ही भीती मला समजते. ती खरीही ठरू शकेल. पण किंमत थोडी वाढलेले घर थोडे मागेपुढे करून घेता येते, रिकाम्या हाताने घेतलेले घर सांभाळता येत नाही, हे मी दारोदार पाहिले आहे.

नावाचा विषय नाजूक आहे, पण पैशाचा आहे म्हणून लिहितो. घर फक्त स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. आकुर्डीच्या घरात 54 हजार वाचतात. पतीचे नाव जोडले की ती सवलत जाते. कर्जाला मात्र दोघांचे पगार लावता येतात. उलट, निरंजनराव जुन्या करपद्धतीत असतील आणि व्याजाची वजावट घ्यायची असेल तर त्यांचे नाव मालकीत हवे. नव्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही, तेव्हा आधी ते कोणत्या पद्धतीत आहेत ते विचारा. निर्णय तुम्ही दोघांनी घ्या, आणि नांदेडला निरंजनरावांनी स्वतः सांगावे, तू सांगू नकोस. यात माझा काही आग्रह आहे असे तिकडे वाटता कामा नये.

आईचे गोठ मोडण्याची गोष्ट तू काढलीस असे आईकडून कळले. ते तुझेच आहेत, त्यामुळे मी नाही म्हणणार नाही. पण रावेतच्या 44 हजारांच्या फटीत ते घालू नका. ते वहीत लिहूच नकोस.

एवढे सगळे लिहूनही मला ठाऊक आहे की ठरवायचे तुम्हाला आहे. तुम्ही दोघांनी पहिल्या घरासाठी वही घातली, फोनवरच्या जाहिरातीवर विश्वासला नाहीत, आणि बेरीज मला तपासायला दिलीत. माझ्या टेबलासमोर बसणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी असे केले होते. आईला आणि सौरभला बरे आहे. निरंजनरावांना नमस्कार सांग, त्यांच्या हिरव्या शाईच्या सगळ्या दुरुस्त्या बरोबर होत्या, हेही सांग.

तुझा,
अण्णा

ता. क. : रावेतवाला येत्या शनिवारपर्यंत टोकन मागतो आहे, असे तू म्हणालीस. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. जी काही द्याल ती धनादेशाने द्या, आणि कर्ज मंजूर न झाल्यास रक्कम परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसेल तर देऊ नका. आकुर्डीला जायचे ठरले तर नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू उतारा आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आधी मला पाठवा, मी सकाळच्या एसटीने येतो. आणि रागावू नकोस, पण तुझ्या नेमणूकपत्रात नोटीस कालावधी किती महिन्यांचा आहे, तेवढे एकदा पाहून कळव.